‘मुलांना समान’ म्हणजे नेमके कोणाला?

एका निवृत्त शिक्षकांच्या मृत्युपत्राचा मसुदा समोर आहे असे धरू. माणूस आणि कागद दोन्ही मी या लेखापुरते रचले आहेत. पण यातले प्रत्येक वाक्य थोड्याफार फरकाने पक्षकारांनी घरून लिहून आणलेल्या कागदांवर वाचलेले आहे. गुरुजींचे वय ७४, पत्नी ७० वर्षांच्या. दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघांचीही लग्ने झालेली. पुण्यात सोसायटीतला एक फ्लॅट, सातारा जिल्ह्यात स्वतःच्या पैशाने घेतलेली शेती, एका बँकेत १२ लाखांची मुदत ठेव आणि घरात थोडे सोने. एवढीच मिळकत, म्हणून मृत्युपत्रही दीड पानाचे. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना’ हा परिच्छेद व्यवस्थित आहे. साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे ठरलेत, डॉक्टरांचे सर्टिफिकेट कुठून घ्यायचे तेही ठरले आहे. मधला मजकूर असा:

‘माझा पुण्यातील फ्लॅट मी माझ्या पत्नीस देत आहे. तिच्या पश्चात तो माझ्या मुलांना समान मिळावा. गावची शेती थोरल्या मुलास द्यावी. बँकेतील ठेव मुलीस द्यावी. सोन्याचे दागिने मुलगी व सुना यांनी समजुतीने वाटून घ्यावेत. माझ्या पश्चात माझे स्नेही व थोरला मुलगा यांनी वरीलप्रमाणे व्यवस्था पाहावी. काही अडचण आल्यास सर्वांनी सामंजस्याने निर्णय घ्यावा.’

घरात कोणालाही वाचून दाखवले तर सगळे मान डोलावतील, कारण घरच्यांना गुरुजींच्या मनातले ठाऊक आहे. मृत्युपत्र वाचायची वेळ येते तेव्हा मात्र गुरुजी नसतात आणि ते वाचणारी माणसे परकी असतात. सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेच्या शाखेतले अधिकारी, गावचे तलाठी आणि प्रकरण वाढलेच तर न्यायाधीश. यांच्यापैकी कोणालाही गुरुजींना फोन करून ‘तुम्हाला काय म्हणायचे होते?’ असे विचारता येणार नाही. म्हणून मसुदा तपासताना मी प्रत्येक वाक्यापाशी थांबून चारच गोष्टी विचारते: नेमकी कोणती वस्तू, नेमके कोणाला, तो माणूस नसेल तर कोणाला, आणि हे प्रत्यक्षात करणार कोण. या मसुद्यात चारही ठिकाणी भोके आहेत.

फ्लॅटपासून सुरुवात करू, कारण सर्वांत किमती वस्तू तीच आणि सर्वांत धोक्याचे वाक्यही तेच. ‘पत्नीस देत आहे’ म्हणजे मालकी दिली, की हयातभर राहण्याचा हक्क दिला? कायद्याचा साधा नियम असा आहे की मर्यादा न घालता एखादी वस्तू दिली, तर देणाऱ्याचा तिच्यातला सगळा हक्क घेणाऱ्याला मिळतो. त्या अर्थाने बाई पूर्ण मालक झाल्या, त्यांना फ्लॅट विकता येईल, बक्षीस देता येईल, स्वतःचे मृत्युपत्र करून कोणालाही ठेवता येईल. मग ‘तिच्या पश्चात मुलांना’ या पुढच्या वाक्याला काय अर्थ उरला? मौलेश्वर मणी यांच्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एकदा पूर्ण मालकी दिल्यावर तीच मिळकत पुढे दुसऱ्याला देणारे वाक्य टिकत नाही. उलट, सगळे मृत्युपत्र एकत्र वाचून अर्थ लावावा आणि दोन कलमे एकमेकांशी जुळूच शकत नसतील तर शेवटचे कलम धरावे, असेही १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाच सांगतो. म्हणजे मुलांच्या वकिलाला एक बाजू आहे आणि आईच्या वकिलाला दुसरी. असे खटले दहा-दहा वर्षे चालतात.

गुरुजींना विचारले तर ते म्हणतात, ‘तिला कोणी घराबाहेर काढू नये एवढेच मला हवे आहे.’ मग तेच लिहायला हवे: पत्नीला हयातभर त्या फ्लॅटमध्ये राहण्याचा आणि वाटल्यास तो भाड्याने देऊन भाडे घेण्याचा हक्क राहील, तिला तो विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येणार नाही, आणि तिच्या निधनानंतर तो अमुक अमुक यांच्या पूर्ण मालकीचा होईल. इथे मात्र एक इशारा द्यायलाच हवा. हिंदू पत्नीला दिलेला असा मर्यादित हक्क मर्यादितच राहतो की हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ मुळे पूर्ण मालकीत बदलतो, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन्ही दिशांना गेलेले आहेत. २००६ साली साधू सिंग यांच्या प्रकरणात मृत्युपत्राने घातलेली मर्यादा टिकली. २०१५ साली जुपुडी पार्धसारथी यांच्या प्रकरणात पत्नीचा मूळचा पोटगीचा हक्क लक्षात घेऊन हयातीपुरता दिलेला हक्क पूर्ण मालकीचा ठरला. पत्नीला फक्त हयातीपुरता हक्क द्यायचा असेल, तर ते एक कलम तरी वकिलाकडून लिहून घ्यावे. बाकीचे सगळे मृत्युपत्र स्वतः लिहिले तरी चालेल, हे कलम नको. आणि खरे सांगायचे तर ५० वर्षे संसार केलेल्या बाईला स्वतःचे घर पूर्ण मालकीने देऊन टाकणे हा बहुतेक घरांत सरळ आणि न्यायाचा मार्ग असतो. तसे ठरले तर ‘तिच्या पश्चात’ हे वाक्यच काढून टाकावे.

दुसरा घोळ ‘मुलांना’ या शब्दात आहे. आपल्या बोलण्यात ‘मला तीन मुले’ म्हणताना त्यात मुलगी असते आणि ‘मुलांना शेती, मुलीला ठेव’ म्हणताना ती नसते. गुरुजींच्या मसुद्यात दोनच वाक्यांनंतर ‘मुलीस’ असा वेगळा उल्लेख आहे. धाकटा मुलगा म्हणेल, बाबांनी मुलीचा विचार वेगळा केला, म्हणून ‘मुले’ म्हणजे आम्ही दोघे भाऊ. मुलगी म्हणेल, मीही त्यांचे मूलच. दोघांचे म्हणणे मराठी म्हणून बरोबर आहे. इथे कायद्यातला एक फरक समजून घ्यायला हवा. शब्द स्पष्ट आहेत, पण प्रत्यक्षात ते दोन व्यक्तींना किंवा दोन वस्तूंना लागू पडतात असे नंतर लक्षात आले, तर बाहेरचा पुरावा देता येतो. उदाहरणार्थ, ‘माझ्या अमुक नावाच्या भाच्याला’ लिहिले आणि त्या नावाचे दोन भाचे निघाले. पण कागद वाचतानाच जर उणीव दिसत असेल, जसे रकमेची जागा कोरीच राहिली, तर ती रक्कम किती होती हे बाहेरच्या पुराव्याने भरून काढता येत नाही. आणि नेमके काय द्यायचे होते हे कशानेच ठरत नसेल, तर ती देणगी अनिश्चिततेमुळे रद्द होते. ‘बाबा मला म्हणाले होते’ या वाक्याचा कोर्टात फार थोडा उपयोग होतो, तो या कारणामुळे. दुरुस्ती मात्र एका ओळीची आहे. प्रत्येकाचे पूर्ण नाव, नाते, जन्मतारीख किंवा वय लिहायचे, लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीची दोन्ही नावे लिहायची आणि समोर हिस्सा लिहायचा. ‘समान’ म्हणण्यापेक्षा ‘प्रत्येकी एक तृतीयांश’ लिहिले की किती माणसे आहेत तेही आपोआप ठरते.

सोन्याचे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते. ‘समजुतीने वाटून घ्यावेत’ यात कोणती वस्तू कोणाला, किती, हे काहीच नाही. समजूत पटली नाही तर काय, तेही नाही. शिवाय पाटल्या, मोहनमाळ, मंगळसूत्र हे बहुधा पत्नीचे स्त्रीधन असते. ते गुरुजींच्या मालकीचेच नाही, त्यामुळे त्यांच्या मृत्युपत्रातून ते देताच येत नाही, ते बाईंनी आपल्या स्वतःच्या मृत्युपत्रात लिहायचे. गुरुजींचे स्वतःचे सोने म्हणजे एक अंगठी आणि एक साखळी असेल, तर तेवढेच वर्णन करून, अंदाजे वजनासह, एकेका नावापुढे लिहावे. शेतीच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायचा असतो. ही जमीन त्यांनी स्वतः घेतली आहे म्हणून अडचण नाही. वडिलोपार्जित असती तर त्यांना फक्त आपला हिस्सा मृत्युपत्राने देता आला असता, सातबाऱ्यावर एकट्यांचे नाव असले तरी. ‘गावची शेती’ या दोन शब्दांच्या जागी गाव, तालुका, जिल्हा, गट नंबर, क्षेत्र आणि विहीर, झाडे, घर असेल तर त्यांचा उल्लेख हवा. तलाठ्यांना फेरफार नोंदवायचा असतो तो गट नंबरावर.

बँकेच्या ठेवीत अडचण वेगळ्या तऱ्हेची आहे. ‘बँकेतील ठेव’ हे वर्णन आज पुरेसे वाटते कारण आज ठेव एकच आहे. पण मृत्युपत्र वाचले जाते ते करणारा गेल्यावर, आणि मिळकतीचे वर्णन सामान्यतः त्याच्या मृत्यूच्या दिवशी जी मिळकत त्या वर्णनात बसते तिला लागू होते. समजा, पुढच्या वर्षी ठेवीची मुदत संपली. धाकट्याने सुचवले म्हणून गुरुजींनी ती रक्कम पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकली. आता ‘बँकेतील ठेव’ नावाची वस्तू उरलीच नाही. विशिष्ट वस्तू दिली आणि ती मृत्यूच्या वेळी मालकीची नसेल, तर ती देणगी संपते. त्या जागी दुसरे काही द्यायचे बंधन कोणावर राहत नाही. मुलीच्या हातात १२ लाखांऐवजी काहीच येत नाही आणि पैसे तर पोस्टात तसेच आहेत. काहीजण यावर उपाय म्हणून पावतीचा नंबर लिहितात. त्याने धोका आणखी वाढतो, कारण नूतनीकरणात नंबर बदलला तरी ‘ती ठेव हीच का?’ असा वाद उभा राहतो.

मग लिहायचे कसे? मुलीला काय द्यायचे आहे ते आधी ठरवावे. १२ लाख रुपयेच द्यायचे असतील तर ‘माझ्या मिळकतीतून रोख १२ लाख रुपये’ असे लिहावे. म्हणजे ते कुठल्या खात्यात आहेत याला महत्त्व राहत नाही. सगळ्या शिलका द्यायच्या असतील तर ‘माझ्या मृत्यूच्या दिवशी कोणत्याही बँकेत, पोस्टात किंवा अन्य संस्थेत माझ्या नावावर असलेली खाती, मुदत ठेवी व बचत योजनांतील रक्कम, आणि संयुक्त खात्यांतील माझा हिस्सा’ असे लिहावे. दोन्हींचा परिणाम वेगळा आहे. पहिल्यात महागाईचा धोका मुलीवर पडतो, दुसऱ्यात गुरुजींच्या आजारपणाच्या खर्चाचा. हा निर्णय गुरुजींचा आहे, पण तो निर्णय आहे हे त्यांना कळले पाहिजे. याच वेळी नॉमिनेशन तपासावे. ठेवीवर थोरल्याचे नॉमिनेशन असेल तर बँक पैसे त्याला देऊन मोकळी होईल. ते पैसे मुलीचे आहेत हे कायद्याने खरे असले, तरी तिला ते भावाकडून मागून घ्यावे लागतील. नॉमिनी हा सामान्यतः मालक नसतो. कंपनीच्या शेअरच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, शक्ती येझदानी यांच्या खटल्यात, हेच सांगितले. पण कायदा बाजूने असणे आणि भावंडांत मागणी करावी लागणे यांत फार अंतर आहे. एक फॉर्म भरून नॉमिनेशन मृत्युपत्राशी जुळवून घेता येते.

आता तिसरा प्रश्न: ज्याला दिले तोच आधी गेला तर? मृत्युपत्र करणारी माणसे याबद्दल बोलायला कचरतात. आपल्या मुलाच्या मृत्यूचा विचार कागदावर मांडणे कोणत्याही बापाला जड जाते आणि ते समजण्यासारखे आहे. पण ते न लिहिल्याने काय होते ते गुरुजींच्या शेतीवर पाहू.

समजा थोरला मुलगा गुरुजींच्या हयातीतच गेला, मागे पत्नी आणि दोन मुले आहेत, आणि गुरुजींनी मृत्युपत्र बदलले नाही. सामान्य नियम असा की घेणारा आधी गेला तर देणगी बाद होते. पण स्वतःच्या मुला-नातवंडांपुरता कायद्याने एक अपवाद केला आहे, कलम १०९ मध्ये. त्या मुलाचा वंश गुरुजींच्या मृत्यूच्या वेळी हयात असेल, तर देणगी बाद होत नाही. मुलगा वडिलांच्या लगेच नंतर वारला असे धरले जाते. बहुतेकांना वाटते की याचा अर्थ शेती नातवंडांना मिळाली. तसे नाही. शेती त्या मुलाच्या मिळकतीत जमा होते आणि तिथून त्याच्या वारसांकडे जाते. त्याने स्वतःचे मृत्युपत्र केले असेल तर त्याप्रमाणे. केले नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याची पत्नी, दोन मुले आणि आई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, या चौघांत समान. प्रत्येकी पाव हिस्सा.

आता त्याच मुलाला मूल नव्हते असे धरू. मग कलम १०९ चा आधार नाही, देणगी बाद झाली. बाद झालेली देणगी उर्वरित मिळकतीत जाते, पण या मसुद्यात उर्वरित मिळकतीचे कलमच नाही. त्यामुळे शेतीपुरते गुरुजींनी मृत्युपत्रच केले नाही असे होते आणि ती वारसाहक्काने जाते: पत्नी, धाकटा मुलगा, मुलगी आणि थोरल्याची विधवा, पुन्हा प्रत्येकी पाव हिस्सा. दोन्ही वेळा शेतीचे चारच तुकडे झाले, पण पहिल्यात धाकट्याला आणि मुलीला काही नाही, दुसऱ्यात दोघांनाही पाव-पाव. गुरुजींना यातले काहीच ठरवायचे नव्हते. त्यांच्या मनात होते ते एवढेच, की थोरला नसेल तर शेती करणाऱ्या धाकट्याला मिळावी. ते लिहायला एक वाक्य पुरते: ‘तो माझ्यापूर्वी मरण पावल्यास ही जमीन धाकट्या मुलास, आणि तोही हयात नसल्यास माझ्या त्या वेळी हयात असलेल्या नातवंडांना समान हिश्श्याने मिळावी.’ नातवंड अज्ञान असेल तर त्याचा हिस्सा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणी सांभाळायचा तेही पुढच्याच ओळीत लिहावे.

हा अपवाद स्वतःच्या वंशापुरताच आहे, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. अविवाहित आत्याने भाच्याला दोन लाख ठेवले आणि भाचा तिच्या आधी गेला, तर भाच्याच्या बायकामुलांना त्यातला रुपयाही आपोआप मिळत नाही. त्यांना मिळावा असे वाटत असेल तर तसे लिहावेच लागते. पत्नीच्या बाबतीतही तसेच. ती आधी गेली तर तिला दिलेली वस्तू तिच्या माहेरच्यांकडे किंवा मुलांकडे मृत्युपत्राच्या आधाराने जात नाही.

पती-पत्नी एकाच अपघातात गेले तर आणखी एक नियम पुढे येतो, जो फार थोड्यांना माहीत असतो. कोण आधी गेले ते कळत नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली असे धरतात. गुरुजी ७४ चे, बाई ७० च्या. म्हणजे क्षणभर का होईना, फ्लॅट बाईंचा झाला. तो पूर्ण मालकीने दिलेला असेल आणि बाईंचे मृत्युपत्र नसेल, तर तो दोन मुलगे आणि मुलगी यांच्यात प्रत्येकी एक तृतीयांश होतो, गुरुजींच्या मनात दोघे भाऊच असले तरीही. यासाठी ‘माझ्या मृत्यूनंतर किमान ३० दिवस हयात असल्यास’ अशी अट प्रत्येक लाभार्थ्यापुढे घालतात. दिवस तीसच हवेत असे नाही, पण अट असावी.

या सगळ्या भोकांखाली पसरून ठेवायचे कलम म्हणजे उर्वरित मिळकतीचे: ‘वर उल्लेख न केलेली, यापुढे मला मिळणारी, तसेच वरील कोणतीही देणगी कोणत्याही कारणाने निष्फळ ठरल्यास ती, अशी माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत अमुक यांना मिळावी.’ गुरुजींच्या मसुद्यात हे नाही. त्यामुळे पेन्शनची थकबाकी, आयकराचा परतावा, स्कूटर, पुढे कधी मिळालेली भावाची जमीन यांपैकी कशालाच मृत्युपत्र लागू होत नाही. या कलमालाही पर्यायी नावे हवीत, कारण उर्वरित मिळकतीतलाच हिस्सा बाद झाला तर त्याला पुढे जायला जागा नसते आणि तो थेट वारसाहक्काने जातो.

शेवटचा भाग व्यवस्थापकाचा, ज्याला व्यवहारात सगळे एक्झिक्युटर म्हणतात. ‘माझे स्नेही व थोरला मुलगा यांनी व्यवस्था पाहावी’ या वाक्याने नेमणूक झाली का? कायद्याने नेमणूक स्पष्ट शब्दांतच हवी असे नाही, मजकुरावरून ती अपरिहार्यपणे निघत असेल तरी चालते. पण प्रोबेट घ्यायचे ठरले तर पहिला प्रश्न हाच येतो आणि बँकेतल्या अधिकाऱ्याला अनुमान काढायचा अधिकार नसतो. ‘मी अमुक यांची या मृत्युपत्राचे एक्झिक्युटर म्हणून नेमणूक करतो’ एवढे सरळ वाक्य लिहावे.

मग दोघांपैकी एकाने सही केली तर चालेल का? मृत्युपत्रात काही म्हटले नसेल तर प्रोबेट घेतलेला कोणीही एक एक्झिक्युटर सर्वांचे अधिकार वापरू शकतो. गुरुजींनी दोघे नेमले ते एकमेकांवर लक्ष राहावे म्हणून, आणि मसुदा नेमके तेच होऊ देत नाही. तेव्हा ‘दोघांच्या सहीनेच’ असे लिहावे आणि त्यासोबत ‘एक हयात किंवा समर्थ नसल्यास दुसऱ्याने एकट्याने’ हेही लिहावे, नाहीतर एकाच्या आजारपणात सगळे अडून बसेल. स्नेही गुरुजींच्याच वयाचे आहेत. त्यांच्या जागी पुढच्या पिढीतला, म्हणजे पन्नाशीच्या आतला, कोणी पर्यायी एक्झिक्युटर नेमावा. त्यांना आधी विचारावे, कारण नेमलेला माणूस हे काम नाकारू शकतो. नेमलेले कोणीच उरले नाही, तर उर्वरित मिळकतीचा लाभार्थी कोर्टाकडे मृत्युपत्रासह प्रशासनपत्र मागू शकतो. इथे तो लाभार्थीही नाही, म्हणजे अर्ज कोणी करायचा यावरच भांडण सुरू.

एक्झिक्युटरने नेमके काय करायचे ते मसुद्यात शून्य आहे. क्रम कायद्यात ठरलेला आहे: अंत्यविधीचा आणि कोर्टाचा खर्च, मग देणी, मग देणग्या. पण पैसे कुठून? गुरुजींच्या मिळकतीत रोकड म्हणजे मुलीला दिलेली ठेव तेवढीच. शेवटच्या आजारपणाचे बिल, फ्लॅटचा मेंटेनन्स, मालमत्ता कर सगळे तिच्यातून गेले तर तिच्या वाट्याला किती उरेल? ‘सर्व खर्च व देणी प्रथम उर्वरित मिळकतीतून, त्या न पुरल्यास सर्व लाभार्थ्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात भागवावीत’ असे लिहिले की मुलीवरचा अन्याय टळतो. फ्लॅटवर कर्ज असेल तर तेही पाहावे. वेगळे काही म्हटले नसेल तर फ्लॅट ज्याला मिळतो त्याने तो कर्जासकट स्वीकारायचा असतो. कोणती वस्तू विकायचा अधिकार एक्झिक्युटरला आहे आणि कोणती विकू नये, हिशेब कोणाला द्यायचा, खर्चाशिवाय मानधन घ्यायचे की नाही, हेही लिहावे. देणग्या वाटायला कायदा एक्झिक्युटरला वर्षभराचा अवधी देतो, तोवर लाभार्थी आग्रह धरू शकत नाहीत. याहून लवकर हवे असेल, विशेषतः पत्नीच्या दरमहा खर्चासाठी, तर तशी सूचना मृत्युपत्रातच असावी. ‘सामंजस्याने निर्णय घ्यावा’ या वाक्याच्या जागी मी लिहीन: अर्थ लावण्यात मतभेद झाल्यास अमुक त्रयस्थ व्यक्तीचे मत घ्यावे. त्याने कोर्टाचा दरवाजा बंद होत नाही, पण पहिली पायरी कोर्टाची राहत नाही.

ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. हिंदूंच्या मृत्युपत्रात त्यामुळे देणगी आपोआप रद्द होत नसली तरी संशय मात्र वाढतो, आणि ख्रिस्ती, पारशी मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्दच होते. वर सांगितलेली वाटण्यांची गणिते हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी आहेत. मुस्लिमांना मृत्युपत्राने किती देता येते याला त्यांच्या कायद्यात एक तृतीयांशाची मर्यादा आहे, आणि गोव्यात काही वारसांचा निम्मा हिस्सा राखीव असतो, त्यामुळे तिथला मसुदा तिथल्याच वकिलाने तपासायला हवा.

असा तपासलेला मसुदा घरी नेऊन पुन्हा टाइप करा, दोन दिवस ठेवा, आणि कुटुंबाशी संबंध नसलेल्या एका शहाण्या माणसाला वाचायला देऊन ‘कोणाला काय मिळाले ते मला सांगा’ एवढेच विचारा. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य बदला. हे सगळे सहीच्या आधी करायचे. सही आणि साक्षी झाल्यानंतर पेनाने खोडून केलेली दुरुस्ती, तिच्यावरही मृत्युपत्रासारखीच सही आणि दोन साक्षी नसतील तर, धरली जात नाही. बदल हवा असेल तर नवे मृत्युपत्र करा आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे लिहा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि नवे किती वेळा करावे यावर कायद्याने बंधन घातलेले नाही.